एकच सोनं, तीन हिशेब

२०२२ च्या जानेवारीत मी तीन सारख्या रकमा सोन्यात घातल्या. एका रकमेचं एक औंसाचं नाणं घेतलं, दुसरीतून गोल्ड ईटीएफची युनिट्स घेतली आणि तिसरी डिजिटल सोन्याच्या अॅपमध्ये टाकली. त्याच वर्षाच्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मला पैसे लागणार होते, तेव्हा तिन्ही एकदमच विकले. सोनं एकच, घेतल्याचा आणि विकल्याचा आठवडाही एकच, तरी हातात आलेले आकडे तीन वेगळे होते. हा फरक कुठून आला आणि त्या वर्षी मुळात भाव कशामुळे हलला, हे मी तेव्हा वहीत टिपून ठेवलं होतं. ते इथे सविस्तर लिहितोय.

आधी भावाबद्दल. बातम्यांत जो डॉलरमधला भाव सांगतात तो एका ट्रॉय औंसाचा, म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम शुद्ध सोन्याचा असतो. लंडनमध्ये दिवसातून दोनदा, तिथल्या घड्याळाप्रमाणे सकाळी साडेदहाला आणि दुपारी तीनला, बँका आणि मोठे व्यापारी यांच्यात इलेक्ट्रॉनिक लिलाव होतो आणि त्यातून एलबीएमएचा, म्हणजे तिथल्या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेचा, अधिकृत भाव ठरतो. बाकीच्या वेळात लंडनचे थेट सौदे आणि न्यूयॉर्कच्या कॉमेक्स या वायदे बाजारातले वायदे मिळून भाव सतत हलता ठेवतात. लंडनमधला माल म्हणजे साधारण ४०० औंसांच्या, साडेबारा किलोच्या विटा. तो भाव त्या विटांचा असतो. तुम्हाआम्हाला वीट मिळत नाही, तिचा तुकडा मिळतो, आणि तुकडा करून तो आपल्यापर्यंत पोचवण्याचा खर्च प्रत्येक प्रकारात वेगळ्या ठिकाणी दडलेला असतो. हिशेब सोपा जावा म्हणून खरेदीच्या क्षणीचा बाजारभाव मी १०० धरतो.

नाणं मला १०४ ला पडलं. वरचे चार म्हणजे टांकसाळीचा खर्च, वाहतूक, विमा आणि सराफाचा नफा. एक औंसाच्या नाण्याला एवढा अधिभार मी रास्त समजतो. छोटं नाणं घ्यायला गेलं की हा अधिभार झपाट्याने वाढतो, कारण एक ग्रॅमचं नाणं पाडायला आणि पॅक करायला लागणारी मेहनत काही एकतिसाव्या हिश्शावर येत नाही. त्याच दुकानात एक ग्रॅमच्या नाण्याचा भाव विचारला तर तो ११० च्या वर होता. हप्त्याहप्त्याने एकेक ग्रॅम जमवणाऱ्याला ही गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही.

नाण्याची जात पाहूनच निवड केली. १९६७ पासून निघणारा दक्षिण आफ्रिकेचा क्रुगरँड २२ कॅरेटचा आहे. त्याचं वजन ३३.९३ ग्रॅम असतं आणि त्यात शुद्ध सोनं बरोबर एक औंस. तांबं मिसळल्यामुळे तो कडक आणि लालसर असतो, सहज ओरखडत नाही. कॅनडाचं मेपल लीफ ९९९.९ शुद्धतेचं, त्यामुळे मऊ. मी मेपल लीफ घेतलं. २२ कॅरेट म्हणजे सोनं कमी, असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. दोन्हींत सोनं तेवढंच, क्रुगरँडमधलं तांबं वरचं.

घरी आल्यावर मी पाण्याची चाचणी केली. शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवायची आणि काटा शून्यावर आणायचा. मग नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरायचं. काट्यावर जो आकडा येतो तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. सोन्याची घनता १९.३ असल्याने ३१.१ ग्रॅमच्या शुद्ध नाण्याला १.६१ यायला हवं. माझ्या काट्यावर १.६१ आणि १.६२ यांच्यात आकडा हलत राहिला. दोऱ्याला चिकटलेला हवेचा बुडबुडासुद्धा आकडा चढवतो, म्हणून आधी नाणं पाण्यात हलवून घ्यावं लागतं.

या चाचणीने पितळ, शिसं, चांदीवरचा मुलामा हे सगळं पकडलं जातं. टंगस्टन मात्र पकडला जात नाही. त्याची घनता १९.२५ आहे, म्हणजे सोन्याच्या इतकी जवळ की घरगुती काट्याला फरक कळणारच नाही. वरून जाड सोन्याचा थर दिला असेल तर पृष्ठभाग तपासणारं एक्स-रे यंत्रही फसतं, कारण ते आत खोलवर पाहत नाही. म्हणून चांगला खरेदीदार विद्युतवाहकता मोजणारं किंवा ध्वनिलहरी सोडणारं यंत्र ठेवतो. टंगस्टनमधून वीज सोन्याच्या निम्म्याहूनही कमी सहजतेने वाहते आणि आवाज मात्र त्यातून कितीतरी वेगाने जातो. डिसेंबरात नाणं विकायला नेलं तेव्हा समोरच्या माणसाने वजन केलं, कॅलिपरने व्यास आणि जाडी मोजली, मग प्लास्टिकच्या वेष्टनातूनच वाहकतेच्या यंत्राचा सेन्सर टेकवला. पाच मिनिटांत काम झालं. वेष्टन मी फोडलेलं नव्हतं असं मात्र नाही. पाण्याच्या चाचणीसाठी ते सोडवून मी पुन्हा बंद केलं होतं, आणि त्याने ते बघितलंही. "मूळचं सील असतं तर अर्धा टक्का जास्त दिला असता," तो म्हणाला. चाचणीची किंमत अर्धा टक्का पडली, ती मला महाग वाटली नाही. विकण्याच्या दिवशीचा बाजारभाव १०० धरला तर मला ९८.५ मिळाले, म्हणजे दीड टक्का कमी.

नाण्याचा अधिभार कायम चारच राहील असं मात्र धरू नये. मार्च २०२० मध्ये काय झालं ते पाहण्यासारखं आहे. स्वित्झर्लंडमधल्या तिचीनो भागातल्या मोठ्या रिफायनऱ्या साथीमुळे बंद पडल्या आणि विमानंही थांबली. लंडनमध्ये ४०० औंसांच्या विटा भरपूर होत्या, पण न्यूयॉर्कच्या वायद्यात १०० औंसांच्या किंवा किलोच्या विटा द्याव्या लागत. एका आकाराची वीट वितळवून दुसऱ्या आकारात ओतणारं कुणी उरलं नाही. २४ मार्चच्या सुमारास दोन शहरांतल्या भावांत औंसामागे सत्तर डॉलरपर्यंत फरक पडला, जो एरवी एक-दोन डॉलरचा असतो. नाण्यांचे अधिभार तर दुप्पट-तिप्पट झाले. सोन्याची टंचाई नव्हती, योग्य आकाराच्या सोन्याची होती. ज्याच्याकडे त्या दिवसांत नाणी होती आणि विकायची तयारी होती, त्याला अधिभार परत मिळाला. ईटीएफवाल्याला असा लाभ कधीच होत नाही.

ईटीएफची खरेदी सगळ्यांत कमी रोमांचक होती. ब्रोकरच्या खात्यातून युनिट्स घेतली, दलाली आणि खरेदी-विक्रीच्या बोलीतला फरक धरून १००.२ ला पडली. फंड त्या पैशांचं सोनं घेऊन तिजोरीत ठेवतो. युनिटचा बाजारातला भाव आणि आतल्या सोन्याची किंमत जवळजवळ सारखी राहते, कारण भाव वर गेला तर ठरावीक मोठे दलाल सोनं देऊन नवी युनिट्स घेतात आणि बाजारात विकतात. खाली गेला तर उलट करतात. मात्र हे दलाल काम करायला मोकळे असावे लागतात. म्हणून मी बाजार उघडल्याबरोबरच्या दहा-पंधरा मिनिटांत सौदा केला नाही आणि भाव ठरवूनच ऑर्डर टाकली. फंडाने जाहीर केलेलं सूचक मूल्य शेजारच्या खिडकीत उघडं ठेवलं होतं. कमी उलाढालीच्या ईटीएफमध्ये दोन्हींत एक टक्क्याचा फरक दिसू शकतो, आणि तो एका सौद्यात अडीच वर्षांचं व्यवस्थापन शुल्क खाऊन टाकतो.

हे शुल्क ईटीएफमध्ये वेगळं बिल होऊन येत नाही. फंड वेळोवेळी थोडंसं सोनं विकून आपला खर्च भागवतो, त्यामुळे प्रत्येक युनिटमागचं सोनं हळूहळू झिजतं. जगातल्या सर्वांत मोठ्या सुवर्ण ईटीएफवर, एसपीडीआर गोल्ड शेअर्सवर (बाजारातलं चिन्ह GLD), हे मोजता येतं. २००४ च्या नोव्हेंबरात तो सुरू झाला तेव्हा एका युनिटमागे औंसाचा दहावा भाग होता. वर्षाला ०.४० टक्के शुल्क आहे. वीस वर्षांनी युनिटमागे सुमारे ०.०९२ औंस उरलं. कुणी चोरलं नाही, तिजोरी राखण्याचं भाडं सोन्यातच कापलं गेलं. माझ्या फंडाचं शुल्कही ०.४ टक्केच होतं.

डिजिटल सोन्यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला, आणि तो खरेदीत नाही, अटी वाचण्यात गेला. अॅपच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत "२४ कॅरेट, सुरक्षित तिजोरी" लिहिलेलं असतं. मला त्यात तीन गोष्टी शोधायच्या होत्या. पहिली, तिजोरीतलं सोनं माझ्या मालकीचं आहे की कंपनी मला सोन्याचं देणं लागते. दोन्हींत बाहेरून फरक दिसत नाही, पण कंपनी बुडाली तर पहिल्या प्रकारात सोनं माझं राहतं आणि दुसऱ्यात मी बाकीच्या धनकोंच्या रांगेत उभा राहतो. दुसरी, विटांची यादी कोण तपासतं आणि ती पाहायला मिळते का. एक औंसाला एक टोकन अशा पद्धतीच्या काही सेवांत तुमच्या टोकनमागच्या विटेचा क्रमांकसुद्धा दिसतो. मी घेतलेल्या सेवेत तो दिसत नव्हता, पण विश्वस्त संस्थेचं नाव आणि तपासणीचा अहवाल होता. तिसरी, सोनं प्रत्यक्ष हातात हवं झालं तर किमान किती ग्रॅम आणि कोणत्या शुल्काने मिळतं. तिथे नाण्याचा अधिभार पुन्हा मागच्या दाराने येतो.

भावाच्या बाबतीत अॅप प्रामाणिक होतं, फक्त ते नीट बघावं लागतं. खरेदीचा आकडा आणि विक्रीचा आकडा वेगवेगळ्या पानांवर होते. दोन्ही एकाच मिनिटाला उघडून टिपले तेव्हा खरेदी १०१.५ आणि विक्री ९८.५ निघाली. तीन टक्के मधल्यामध्ये गेले. वर्षभराचं साठवणीचं शुल्क शून्य होतं, असं ते अभिमानाने सांगत होते. ते शुल्क या तीनमध्येच आहे, एवढंच. शनिवार-रविवारी हाच फरक आणखी रुंदावलेला दिसायचा, कारण लंडन-न्यूयॉर्क बंद असताना अॅपवाल्याला आपली जोखीम झाकता येत नाही आणि तो जास्तीचं माप आपल्याकडून घेतो. मी विक्री बुधवारी दुपारी केली.

आता भावाकडे वळतो, कारण २०२२ हे वर्ष त्या बाबतीत मोठं शिकवणारं निघालं. खरेदी केली तेव्हा औंसाचा भाव १,८०० डॉलरच्या आसपास होता. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर, तो २,०५० च्या घरात गेला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १,६३० पर्यंत उतरला. डिसेंबरच्या अखेरीला पुन्हा १,८०० च्या थोडा वर. वर्षभर एवढी उलथापालथ आणि शेवटी डॉलरमध्ये जवळपास शून्य.

सोनं व्याज देत नाही, म्हणून ते बाळगण्याची खरी किंमत म्हणजे दुसरीकडे सुरक्षितपणे मिळालं असतं ते व्याज, महागाई वजा करून. ही गोष्ट अंदाजाने बोलावी लागत नाही. अमेरिकी सरकारच्या महागाईशी जोडलेल्या दहा वर्षांच्या रोख्यांचा परतावा रोज प्रसिद्ध होतो. सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर DFII10 एवढं टाकलं की आलेख समोर येतो. त्याआधीच्या दशकात हा परतावा खाली गेला की सोनं वर आणि वर गेला की सोनं खाली, असं इतकं नेमाने चाललं होतं की एक आलेख उलटा करून दुसऱ्यावर ठेवता आला असता.

२०२२ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर शून्याजवळून ४.२५ ते ४.५ टक्क्यांवर नेला. तो महागाईवजा परतावा सुमारे उणे एक टक्क्यावरून अधिक दीड टक्क्यावर आला. जुन्या हिशेबाने सोनं जबर कोसळायला हवं होतं. एप्रिल ते नोव्हेंबर ते उतरलंच, आणि मीही ते १,६०० च्या खाली जाईल असं धरून बसलो होतो. तसं झालं नाही.

खालून कोण उचलून धरत होतं ते पुढच्या वर्षी आलेल्या आकड्यांत दिसलं. वर्ल्ड गोल्ड कौन्सिलच्या नोंदींनुसार २०२२ मध्ये मध्यवर्ती बँकांनी निव्वळ एक हजार टनांहून जास्त सोनं घेतलं, कित्येक दशकांत घेतलं नव्हतं एवढं. त्याच वर्षी जगभरच्या सुवर्ण ईटीएफमधून शंभर टनांहून जास्त सोनं बाहेर पडलं. म्हणजे माझ्यासारखे, व्याजाकडे बघून वागणारे, विकत होते आणि व्याजाची पर्वा नसलेला ग्राहक घेत होता. त्याला कारण होतं. फेब्रुवारीच्या अखेरीला पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे तीनशे अब्ज डॉलरची परदेशातली गंगाजळी गोठवली. दुसऱ्या देशाच्या रोख्यांत ठेवलेला पैसा तो देश एका आदेशाने अडवू शकतो, आपल्या तिजोरीतली वीट अडवू शकत नाही, हे बाकीच्या बँकांनी पाहिलं. पुढची दोन्ही वर्षं त्यांची खरेदी हजार टनांच्या वरच राहिली. आलेख उलटा करून ठेवण्याची ती जुनी सोय तेव्हापासून फारशी कामाची राहिली नाही.

खाणींचा प्रश्न अनेकजण विचारतात, म्हणून एवढंच सांगतो. आजवर काढलेलं सोनं दोन लाख टनांच्या वर आहे आणि वर्षाला नवीन निघतं सुमारे साडेतीन हजार टन. दरवर्षी साठ्यात दोन टक्क्यांहून कमी भर पडते, त्यामुळे एखादी खाण बंद पडल्याने भाव उसळत नाही. आधीच जमिनीवर असलेलं सोनं कोण सोडायला तयार आहे, यावरच भाव ठरतो.

युद्ध झालं की सोनं वर, हेही अर्धंच खरं. मार्च २०२२ ची उसळी काही आठवड्यांत पूर्ण ओसरली. मार्च २०२० मध्ये शेअर बाजार कोसळत असताना दीडेक आठवड्यात सोनंही दहा टक्क्यांहून जास्त पडलं, कारण उसन्या पैशांवरच्या सौद्यांचं मार्जिन भरायला ज्यांना रोकड हवी होती ते जे विकलं जाईल ते विकत होते, आणि सोनं लगेच विकलं जातं.

माझ्या पदरात काय पडलं ते आता. डॉलरमध्ये भाव जागच्या जागी राहिला, पण त्या वर्षात डॉलर माझ्या चलनाच्या तुलनेत सुमारे दहा टक्क्यांनी महागला होता. म्हणजे बाजारभाव माझ्यासाठी १०० वरून ११० झाला, आणि तो सगळाच्या सगळा चलनाचा परिणाम होता. तेव्हा ओळखीतला एकजण म्हणाला, "बघ, सोन्याने महागाईपासून वाचवलं." सोन्याने काही केलं नव्हतं, ते डॉलरने केलं होतं. पुढे डॉलर उतरला असता तर हेच दहा टक्के उलट्या दिशेने गेले असते.

ईटीएफमध्ये घातलेल्या १०० चे, शुल्क आणि दोन्ही बाजूंचा खर्च जाऊन, १०९.१ झाले. डिजिटलमध्ये १०६.७ आणि नाण्यात १०४.२. पाच टक्क्यांची तफावत, आणि तिचा सोन्याच्या भावाशी काडीचा संबंध नाही. कर यात धरलेला नाही. तो देशोदेशी वेगळा असतो आणि काही ठिकाणी नाण्याला ईटीएफपेक्षा सवलत मिळते, काही ठिकाणी उलट.

या आकड्यांवरून ईटीएफ जिंकला म्हणायचं, तर ते फक्त एका वर्षापुरतं. नाण्याचा खर्च घेताना-विकताना मिळून साडेपाच टक्क्यांच्या आसपास, पण एकदाच. ईटीएफचा तोच खर्च ०.४, आणि वर दरवर्षी ०.४. भागाकार केला तर डिजिटलशी त्याची बरोबरी साडेसहा वर्षांनी होते आणि नाण्याशी तेरा वर्षांनी. त्यापुढे नाणं स्वस्त पडत जातं, अर्थात ते ठेवायला लॉकरचं भाडं भरत नसाल तर. लॉकरचं भाडं सोन्याच्या किमतीवर नसतं, खणाच्या आकारावर असतं, त्यामुळे एका नाण्यासाठी लॉकर घेणं हा सरळ तोटा आहे आणि वीस नाण्यांसाठी तो खर्च जाणवतही नाही.

त्यानंतर मी पुन्हा सोनं घेतलं ते दोन भागांत. चार-पाच वर्षांत लागू शकेल तेवढं ईटीएफमध्ये, आणि ज्याला निवृत्तीपर्यंत हात लावायचा नाही त्याची एक-एक औंसाची नाणी, सील न फोडता. डिजिटलचं खातं बंद केलं. शेवटी त्यात ०.०३ ग्रॅम उरलं होतं, विक्रीच्या किमान मर्यादेखालचं. ते काढून घेण्यासाठी ग्राहक सेवेला दोनदा लिहावं लागलं, मग ते त्यांनी त्या दिवशीच्या विक्री भावाने खात्यात जमा केलं.